डाइंगच्या कुंडीवरचा पंप आणि तीस मिलीअँपियर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलच्या सुताचं छोटं डाइंग आहे. रंगाच्या मशीनमधून सुटलेलं पाणी नालीने एका कुंडीत जमा होतं आणि तिथून ३ एचपीचा थ्री फेज मोनोब्लॉक पंप ते मागच्या टाकीत ढकलतो. या कुंडीभोवतीची फरशी वर्षाचे बारा महिने ओली असते. साधं पाणी असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण आमच्या रंगाला मीठ लागतं, सोडा अ‍ॅश लागतो, आणि ते सगळं त्या पाण्यात उतरतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने जमीनही पाण्याइतकीच जिवंत, आणि लोखंडाच्या दृष्टीने ती जागा म्हणजे कायमचा गंज. कामगार तिथे अनवाणी नाहीतर स्लिपरवर वावरतात. बूट दिलेत, उन्हाळ्यात कुणी घालत नाही.

शेड आम्ही भाड्याने घेतली तेव्हा पंप, स्टार्टर, अर्थिंगची पट्टी सगळं जागेवर होतं. पंप चालत होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला कुंडीवरचा पोरगा येऊन म्हणाला, "मालक, व्हॉल्व्हला हात लावलं की मुंग्या आल्यासारखं करायलंय." त्याने सांगितलं त्याच मिनिटाला मेन बोर्डावरून तो सर्किट बंद केला, एमसीबीला कुलूप घातलं आणि डिझेल पंप भाड्याने आणला. पुढचं सगळं त्या डिझेल पंपाच्या फटफटीत झालं.

आमच्याकडे नेहमी येणारे मिस्त्री आधी आले. माणसं लांब उभी करून, रबरी हातमोजे घालून त्यांनी पंप थोडा वेळ चालू केला. व्हॉल्व्हला टेस्टर लावला, टेस्टर पेटला. मल्टीमीटरने पंपाच्या अंगापासून बाजूच्या ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत मोजलं तर १८० व्होल्टच्या आसपास आकडा. मग त्यांनी तिथेच १५ वॅटचा बल्ब जोडला, तो पेटला नाही आणि व्होल्टेज एकदम खाली बसलं. "इंडक्शन हाय मालक. बल्ब पेटत नाही म्हणजे ताकद नाही त्यात. मोटारीला थोडं असतंयच."

हे उत्तर आपल्याकडे इतक्या वेळा ऐकायला मिळतं की लोक त्यावर विश्वास ठेवून काम पुढे नेतात. त्यात अर्धं सत्य आहेच. मोटारीचं अंग अर्थला जोडलेलं नसेल, तर वाइंडिंग आणि अंग यांच्यामधल्या कपॅसिटन्समुळे मल्टीमीटरवर शंभर-दीडशे व्होल्ट दिसू शकतात आणि निऑनचा टेस्टरही पेटतो. पण असल्या इंडक्शनचा करंट ३ एचपीच्या मोटारीत एका मिलीअँपियरच्याही आतला असतो. म्हणून खरा प्रश्न व्होल्ट किती हा नाही, करंट किती हा आहे. बल्ब न पेटणं हे काही त्याचं उत्तर नव्हे. १५ वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला ६५ मिलीअँपियर लागतात, आणि माणसाची पकड सुटेनाशी व्हायला साधारण १० पुरतात.

दुसऱ्या दिवशी मी एका काकांना बोलावलं. जुन्या गिरणीच्या इलेक्ट्रिकल खात्यात उमेदीची वर्षं काढलेली, आता लायसन्सवर कामं घेतात. त्यांनी मल्टीमीटर मिलीअँपियरवर टाकला, पंपाचं अंग आणि सळई यांच्यामध्ये धरला. ६ मिलीअँपियर. मग सप्लाय पूर्ण काढून, मोटारीच्या टोकांवरून केबल सोडून इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर लावला. वाइंडिंग ते अंग ०.०४ मेगओहम. चालू ठेवण्याच्या लायकीच्या मोटारीत हा आकडा निदान १ मेगओहम हवा. ०.०४ मेगओहम म्हणजे ४० हजार ओहम, आणि २३० भागिले ४० हजार म्हणजे जवळपास ६ मिलीअँपियर. मेगर डीसीवर मोजतो, त्यामुळे हिशेब दरवेळी इतका गोड जुळत नाही, पण इथे दोन्ही उपकरणं एकच गोष्ट सांगत होती: वाइंडिंगमध्ये ओल शिरली आहे आणि गळती खरी आहे.

मग साहजिक प्रश्न आला की अर्थिंगची पट्टी असताना हे ६ मिलीअँपियर पोराच्या हातातून का गेले? पट्टीतून का नाही?

पट्टी डोळ्याला ठीक दिसत होती. २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी, पंपाच्या पायाला बोल्टने आवळलेली. मिस्त्रींनी मल्टीमीटरचा बझर लावला, तो वाजला. काकांनी मान हलवली. बझर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो, आणि जाडजूड पट्टीत एवढे ओहम असण्याचा संबंधच नाही. त्यांनी आमच्या टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मागवला. बॅटरीचं एक टोक पंपाच्या अंगाला, दुसरं टोक बल्बमधून एका जाड वायरीने थेट अर्थ पिटवरच्या पट्टीला. आता बल्बला लागणारे साडेचार अँपियर पंपाच्या अंगातून, बोल्टमधून, पट्टीतूनच जाणार. चांगल्या पट्टीवर हेडलाइट डोळे दिपवतो. आमचा बल्ब आधी लाल तार दाखवून राहिला, आणि काकांनी पट्टीला पायाने जरा हलवलं तर तोही विझला.

बोल्ट खोलला तेव्हा कारण दिसलं. पट्टीच्या खालच्या बाजूचं जस्त कधीच गेलं होतं, तिथे गंजाचा पापुद्रा साचला होता, आणि पंपाच्या पायाचा रंग न खरवडता पट्टी वर ठेवून बोल्ट आवळला होता. म्हणजे एकीकडे रंग, दुसरीकडे गंज, आणि मध्ये जो काही संबंध होता तो बोल्टच्या आट्यांतून, तोही जरा हललं की सुटणारा. पंपाखाली रबरी पॅड आणि व्हॉल्व्हच्या पुढे पीव्हीसी पाइप, त्यामुळे पंपाचं अंग बाकी कुठूनही जमिनीला लागत नव्हतं. जमिनीकडे जायला वाट उरली ती माणसाची.

इथे मिस्त्रींचं म्हणणं असं पडलं, की पट्टी नवीन टाकू, दोन पिट मारू, तीन-चार ओहम आणू, झालं. आपल्याकडे अर्थिंगचं काम इथेच संपतं. पिटवर ओहमचा आकडा रंगवला की सगळे खूश. काकांनी खडूने फरशीवर गणित मांडलं आणि मला ते तेव्हापासून पाठ आहे.

समजा मोटारीत ओलीची गळती नाही, सरळ एक फेज अंगाला चिकटली. आमचा जुना पिट मोजला तर ४.५ ओहम भरला होता. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थ १ ओहम धरा. फॉल्टचा करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणार, म्हणजे २३० भागिले ५.५, साधारण ४२ अँपियर. सर्किटवर १६ अँपियरचा सी कर्व्ह एमसीबी. तो झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपियर लागतात. ४२ अँपियर म्हणजे जेमतेम अडीच पट. एवढ्या करंटला एमसीबी गरम होऊन पडतो, आणि त्याच्या मानकात त्यासाठी एका मिनिटापर्यंत मुभा आहे. त्या मिनिटभर पंपाचं अंग किती व्होल्टवर? ४२ गुणिले ४.५, म्हणजे १८९.

पिट सुधारून ३ ओहम केला तरी ५७ अँपियर आणि १७२ व्होल्ट. २ ओहम केला तरी ७७ अँपियर, अजून झटक्याच्या आत नाहीच. सोलापूरच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. इथे २ ओहम टिकवणं हेच मोठं काम, आणि तेही पुरत नाही. नुसत्या पिटच्या जोरावर अशा फॉल्टला एमसीबी वेळेत पाडता येत नाही.

मी म्हटलं, मग पिट कशाला, गळती दिसली की सप्लाय तोडणारा आरसीसीबी तेवढा लावू. काकांनी खडूचं दुसरं गणित मांडलं. त्या दिवशी पोराला लागलेला करंट होता ६ मिलीअँपियर. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी १५ पर्यंत पडायचाच नसतो. तो शांत बसला असता आणि पोराला मुंग्या येतच राहिल्या असत्या. ओल वाढून गळती २५-३० वर गेली असती तेव्हा तो पडला असता, पण तो करंटही माणसातूनच गेला असता, कारण अर्थ नाही. उलट पट्टी धड असती तर तेच ६ मिलीअँपियर ४.५ ओहममधून गेले असते आणि अंगावर उभं राहिलं असतं ०.०३ व्होल्ट. कुणाला कळलंही नसतं.

म्हणजे छोटी गळती अर्थिंग गिळतं आणि आरसीसीबीला ती दिसत नाही. मोठा फॉल्ट अर्थिंगला एकट्याने झेपत नाही, पण त्याने जमिनीकडे दिलेली वाट असल्यामुळेच आरसीसीबी माणसाचा हात लागण्याआधी पडतो. आणि आरसीसीबी असला की पिटचा ओहम इतका नाजूक राहत नाही. ओल्या जागेत अंगावर २५ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही असं धरलं, तर ३० मिलीअँपियरसाठी ८०० ओहमचा पिटसुद्धा कागदावर चालतो. काका लगेच पुढे म्हणाले, "म्हणून ८०० वर सोडायचं नसतंय. पिट वाळतो, आरसीसीबी अडकतो. दोघांपैकी एक आजारी पडला तर दुसऱ्याने धरायला पाहिजे."

काम मोटारीपासून सुरू केलं. ती रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. वाइंडिंग जळलेलं नव्हतं, त्यामुळे भट्टीत वाळवून, वार्निश करून पुन्हा वाळवलं आणि मेकॅनिकल सील नवीन टाकलं. मूळ गळती त्या सीलची होती, पाणी शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत पोचत होतं. परत आली तेव्हा मेगर २० मेगओहमच्या वर होता.

जुन्या पिटशिवाय कंपाउंडच्या कडेला नवीन पिट घेतला. अडीच मीटरचा ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, जुन्यापासून पाच मीटरहून लांब, कारण दोन पाइप जवळजवळ असले की एकाच मातीत दोघे करंट ओततात आणि दुसऱ्याचा फायदा अर्धाही मिळत नाही. भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइटची पूड कालवून भरली. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पाइपापासून सुटते, हा इथल्या पिटचा खरा रोग. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बेंटोनाइट ओल धरून पाइपला चिकटून राहतं आणि मिठासारखं पाइप खात नाही. मोजणी तीन टोकांच्या अर्थ टेस्टरने केली. मोजायचा पिट बाकी जोडणीपासून सोडवून, एक सळई ३० मीटरवर, दुसरी त्याच रेषेत १८ मीटरच्या थोडी पुढे. मधली सळई दोन-दोन मीटर मागेपुढे सरकवून आकडा तसाच राहतो का ते पाहिलं. तो बदलत राहिला तर मोजणी खोटी समजायची. सगळं आवार काँक्रीटचं असल्याने सळया ठोकायला कंपाउंडलगतची मातीची पट्टीच काय ती मिळाली. नवा पिट ५ ओहमच्या जरा वर, दोन्ही मिळून ३ च्या खाली.

पंपाच्या अंगाला दोन स्वतंत्र जोडण्या केल्या. २५० व्होल्टच्या वरच्या मोटारीच्या फ्रेमला दोन वेगवेगळे अर्थ द्यायचे हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतच आहे. बऱ्याच ठिकाणी हे 'दोन' म्हणजे एकाच बोल्टखाली दोन पट्ट्या असतात. तो एक बोल्ट सैल झाला की दोन्ही गेल्या. आम्ही मोटारीच्या दोन बाजूंचे दोन अर्थ स्क्रू घेतले. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातले. खाऱ्या पाण्यातून पट्टी नेण्याचा जुना प्रकार बंद केला. जीआय पट्ट्या आता भिंतीवर कमरेच्या उंचीवरून येतात आणि तिथून मोटारीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची वायर, कल्हईच्या लगसह. तांबं आणि जस्त खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले तर जस्त झपाट्याने जातं, म्हणून त्यांचा सांधा शिंतोड्यांच्या वर ठेवला आणि आवळून झाल्यावर बिट्युमिनचा रंग मारला. आधी रंग आणि मग आवळणी केली की काय होतं, ते जुन्या बोल्टने दाखवलंच होतं.

व्हॉल्व्हला पोराचा हात लागला होता, म्हणून पंपाचा फ्लँज ते व्हॉल्व्ह अशी एक छोटी जोडवायरही टाकली. फ्लँजमध्ये रबरी गॅस्केट असतं. बोल्टमधून संबंध लागतो खरा, पण गंजल्यावर त्याचा भरवसा कोण देणार? शेवटी पुन्हा टेम्पोची बॅटरी. दोन्ही वायरी एकेक करून तपासल्या, हेडलाइट दोन्ही वेळा पांढरा.

आरसीसीबी घेताना दुकानदार म्हणाला, मोटारीला १०० चा घ्या, ३० चा सारखा पडेल. नियमात घरासाठी ३० आणि इतर ठिकाणी १०० मिलीअँपियर ही वरची मर्यादा आहे, त्यामुळे तो चुकीचं सांगत नव्हता. पण १०० मिलीअँपियर माणसातून जाणं म्हणजे जिवाशी गाठ. पूर्ण कारखान्याला एकच ३० चा लावला तर तो पडत राहणार हे खरं, कारण पंचवीस मशीनच्या बारीक-बारीक गळत्यांची बेरीज होते. आम्ही तो फक्त कुंडीच्या सर्किटला लावला. चार पोल, २५ अँपियर, ३० मिलीअँपियर, १६ च्या एमसीबीच्या पुढे. आरसीसीबीला ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट कळत नाही, तो फक्त गेलेला आणि परत आलेला करंट यातला फरक बघतो, म्हणून एमसीबी काढायचा नसतो. बसवला कोरड्या जागेतल्या मेन पॅनेलमध्ये, कुंडीजवळ नाही.

आतल्या तत्त्वाचं प्रात्यक्षिक काकांनी लीकेज क्लँप मीटरने दिलं. तिन्ही फेजच्या वायरी एकत्र क्लँपच्या जबड्यात धरल्या. मोटार पाच अँपियर ओढत होती आणि मीटर अर्धा मिलीअँपियरही दाखवत नव्हता, कारण तिन्हींची बेरीज शून्य. आरसीसीबीच्या पोटात हाच जबडा कायमचा बसवलेला असतो.

आणि आता मजा. पहिल्यांदा स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर खट्कन बसला आणि त्याच क्षणी आरसीसीबी पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मिस्त्रींचा चेहरा 'मी सांगत होतो' असा. काकांनी स्टार्टरच्या खालून मोटारीची केबल सोडली आणि मोटारीशिवाय बटण दाबायला सांगितलं. तरी पडला. म्हणजे मोटार निर्दोष.

दोष होता कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कॉइलच्या न्यूट्रलमध्ये. कुंडीतल्या फ्लोट स्विचसाठी कुणीतरी मागे ४१५ व्होल्टची कॉइल बदलून २३० ची टाकली होती, आणि तिला लागणारा न्यूट्रल शेजारच्या लाइटच्या बोर्डावरून उचलला होता. फेज आरसीसीबीतून यायची आणि परतीचा करंट लाइटच्या न्यूट्रलने बाहेरूनच जायचा. असली कॉइल बसल्यावर साधारण १० व्होल्ट-अँपियर खाते, म्हणजे ४० मिलीअँपियर, आणि बसताना त्याच्या कितीतरी पट. आरसीसीबीला हा करंट परत आलेलाच दिसत नाही, त्याच्या हिशेबी तो जमिनीत गेला. तो पडणारच. न्यूट्रल आरसीसीबीच्या चौथ्या पोलमधून घेतला आणि तो पुढे कुठेही अर्थला किंवा दुसऱ्या न्यूट्रलला लागत नाही हे तपासलं. पंप सुरळीत चालू झाला.

या न्यूट्रलचा दुसरा उपयोगही तेव्हाच कळला. थ्री फेज मोटारीला न्यूट्रल लागत नाही म्हणून चार पोलच्या आरसीसीबीचा न्यूट्रल पोल बरेच जण रिकामा ठेवतात. पण काही मॉडेलमध्ये टेस्ट बटणाचं सर्किट एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत असतं. न्यूट्रल नसेल तर बटण दाबून काहीच होत नाही आणि लोक आरसीसीबी खराब म्हणून बदलतात. कुठल्या दोन पोलांत बटण आहे, ते त्याच्या अंगावरच्या छोट्या आकृतीत छापलेलं असतं.

बटणाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. ते आतल्या आत थोडा करंट वळवतं आणि खटका उडतो की नाही एवढंच दाखवतं. पंपाची अर्थ वायर तुटलेली असली तरी बटण तितक्याच तत्परतेने आरसीसीबी पाडेल. म्हणून काकांनी आरसीसीबी तपासायचा टेस्टर आणून थेट पंपाच्या अंगावरून तपासणी केली. हळूहळू वाढवत नेलेल्या करंटला तो २२ मिलीअँपियरवर पडला. पूर्ण ३० दिल्यावर ३०० मिलीसेकंदांची मुभा असते, हा त्याच्या पुष्कळ आत पडला.

पावसाळ्यात एक जोराचा पाऊस झाल्यावर सकाळी तो पुन्हा पडला आणि लागेचना. या वेळी 'काढून टाका' म्हणणारं कुणी नव्हतं. केबल मोटारीपासून सोडून दोन्हींना वेगवेगळा मेगर लावला. केबल २०० मेगओहमच्या वर, मोटार ०.०१. तेवढ्याने २३ मिलीअँपियर होतात, म्हणजे नेमका याच्या पडण्याचा आकडा. टर्मिनल बॉक्स उघडला तर तळाशी बोटभर पाणी. केबल बॉक्समध्ये वरून शिरत होती आणि तिच्या ग्लँडचं रबर चिरलं होतं. शेडच्या पत्र्यातून ठिबकणारं पाणी केबलवरून ओघळत सरळ आत. पुसून, हेअर ड्रायरने वाळवल्यावर मेगर १५ मेगओहमवर आला. बॉक्स फिरवून केबलची वाट खालून केली, नवा ग्लँड लावला, आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झुकता वळसा दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. मोटार आयपी ५५ ची आहे, पण तो दर्जा ग्लँडसकट असतो, ग्लँड चिरला की प्लेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता महिन्यातून एकदा बटण दाबलं जातं आणि लीकेज क्लँपचा आकडा पॅनेलच्या दाराच्या आत लिहिला जातो. हा आकडा सगळ्यांत कामाचा ठरलाय. आरसीसीबी पडला की लोकांना कळतं. पण गळती अर्ध्यावरून दोनवर, दोनवरून चारवर चढते आहे हे तो सांगत नाही, आणि चांगल्या अर्थिंगमुळे कुणाला मुंग्याही येत नाहीत. चारच्या वर गेली की मोटार उतरवायची असं ठरवलंय.

मध्ये एक जण या पंपाला ड्राइव्ह लावा, वीज वाचेल, असं सुचवून गेला. ड्राइव्हच्या फिल्टरमधूनच कित्येक मिलीअँपियर अर्थमध्ये कायम जात असतात, त्यामुळे ३० चा साधा आरसीसीबी विनाकारण पडतो. शिवाय फॉल्टमध्ये डीसीचा भाग आला तर साधा एसी टाइपचा आंधळा होऊ शकतो. थ्री फेज ड्राइव्हसाठी डीसीही ओळखणारा बी टाइपचा लागतो आणि त्याची किंमत ऐकून काका नुसते हसले. कुंडी भरली की चालायचं, रिकामी झाली की थांबायचं, एवढंच काम असलेल्या पंपाला वेग कमी-जास्त करून करायचंय काय? डीओएल स्टार्टर आहे तोच ठेवला.